वामनाचे तिसरे पाऊल: विनोदातील तिकडी कशी बांधावी आणि मुद्दाम कशी मोडावी

इंदूरच्या मराठी वसाहतींमधील गणेशोत्सवात सूत्रसंचालन करण्याचे आणि आठ-दहा मिनिटांची विनोदी स्वगते लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. या कामात नवख्या लेखकाच्या हाती जी युक्ती सर्वांत आधी लागते आणि सर्वांत आधी बोथट होते, ती म्हणजे तिकडीची. दोन गोष्टी सरळ सांगायच्या आणि तिसरी तिरकी सांगायची, इतकेच तिचे वरवरचे रूप आहे. परंतु हे रूप ठाऊक असलेले दहा जण तेच साहित्य घेऊन वाक्य रचू लागले, तर नऊ जणांचे वाक्य पडते, आणि का पडले हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून येथे पुष्कळ विनोदांचे नमुने देण्याऐवजी एकच वाक्य घेतो, ते कसे बांधले ते सांगतो आणि मग तेच वाक्य मुद्दाम कसे मोडता येते ते पाहू.

वाक्य असे आहे: "डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. काकांनी जिलेबी सोडली, शिकंजी सोडली, डॉक्टर सोडला."

इंदूरबाहेरच्या वाचकांना एवढे सांगावे लागेल की येथे सकाळच्या पोह्यांबरोबर जिलेबी खाण्याची रीत आहे, आणि येथली शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नसून आटवलेल्या दुधाचे, सुकामेवा घातलेले घट्ट, गोड पेय असते. ज्या माणसाच्या रक्तात साखर निघाली, त्याच्या मार्गात ही दोन ठाणी रोजची आहेत.

तीनच का

एक गोष्ट सांगितली की ती केवळ माहिती असते. "काकांनी जिलेबी सोडली" हे ऐकून श्रोत्याला पुढे काय येणार याचा कोणताच अंदाज बांधता येत नाही. दुसरी गोष्ट त्याच साच्यात आली की मन आपोआप साचा ओळखते आणि तिसऱ्या जागेवर त्याच जातीची वस्तू स्वतःच मांडून ठेवते. म्हणजे अपेक्षा निर्माण व्हायला किमान दोन लागतात, आणि ती मोडण्याची सर्वांत जवळची जागा तिसरी असते. दोनवर मोडायला गेलो तर मोडण्यासारखे काही तयार झालेले नसते. पाचवर मोडायला गेलो तर श्रोता तोवर कंटाळलेला असतो. तीन या आकड्यात याहून गूढ काही नाही.

ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरते तेव्हा हसू फुटते, अशा आशयाचे विवेचन इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्ये केले होते. परंतु आपल्याला हा साचा त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. वामनाने पहिल्या पावलात पृथ्वी व्यापली, दुसऱ्या पावलात स्वर्ग व्यापला, आणि तिसरे पाऊल बळीच्या मस्तकावर पडले. पहिली दोन पावले एका जातीची आहेत, म्हणजे जागेची. तिसरे पाऊल माणसावर पडते. ही कथा विनोदी नाही, पण तिची बांधणी तीच आहे, आणि तिच्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसते: तिसरे पाऊल भलतीकडे पडत नाही. मागायचीच होती तीन पावले, आणि उरले होते तेवढेच.

याच्या उलट उदाहरण तबल्यातील तिहाईचे. एकच बोल तीनदा वाजतो आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका समेवर येतो. श्रोत्याचा हात आधीच उचललेला असतो, आणि अपेक्षित ठिकाणी अपेक्षित ते आल्यामुळे दाद मिळते. विनोदी तिकडी श्रोत्याकडून हीच मोजणी करून घेते, त्याचा हात उचलायला लावते आणि मग सम बाजूला सरकवते. ज्याच्या अंगात तिहाई मुरलेली आहे त्याला तिकडी लवकर जमते, असा माझा अनुभव आहे. दोन्हींमध्ये पहिल्या दोन वेळा चोख, समान मापाच्या असाव्या लागतात.

बांधणी: पहिला मसुदा आणि त्याची दुरुस्ती

पहिल्या वर्षी मी लिहिलेले वाक्य असे होते: "मग काकांनी सकाळची पोह्यांबरोबरची जिलेबी, दुपारी छप्पन दुकानांत जाऊन घ्यायची शिकंजी, रात्री सराफ्यातला मालपुवा, घरातले डिंकाचे लाडू आणि शेवटी तर चक्क त्या डॉक्टरांनाच सोडून देण्याचा निर्णय घेतला." पुढच्या रांगेतील दोघे हसले, तेही नात्यातले होते.

दुरुस्तीची सुरुवात क्रियापदापासून करावी. तिकडी उत्तम चालते ती अशा क्रियापदावर, जे तिन्ही नामांना व्याकरणाने जुळते पण तिसऱ्या ठिकाणी अर्थ बदलते. सोडणे म्हणजे पथ्यासाठी वर्ज्य करणे, आणि सोडणे म्हणजे एखाद्याशी संबंध तोडणे. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. खाणे, काढणे, लावणे, मारणे, घालणे, बसणे ही सगळी क्रियापदे पाच-सहा अर्थांनी वावरतात. "पाहुण्यांनी श्रीखंड खाल्लं, पुऱ्या खाल्ल्या, माझं डोकं खाल्लं" हे याच घराण्यातले वाक्य आहे. कागदावर आधी क्रियापद लिहावे, त्याच्याखाली ते ज्या ज्या नामांबरोबर येते ती पंधरा-वीस नामे लिहावीत, आणि मग दोन एका जातीची व एक परजातीचे निवडावे. विनोद सुचण्याची वाट पाहण्यापेक्षा ही रीत खात्रीची आहे.

नंतर पहिल्या दोन वस्तू. त्या खऱ्या, साध्या आणि अजिबात विनोदी नसलेल्या असाव्यात. नवखा लेखक येथेच घसरतो, कारण प्रत्येक जागी हसू मिळावे असे त्याला वाटते. पण पहिलीच वस्तू गमतीची झाली तर साचा "गमतीच्या गोष्टी" असा ठरतो, आणि तिसरी कितीही तिरकी असली तरी ती साच्यातच बसते. शिवाय या दोन वस्तूंमधील अंतर नीट मापावे लागते. जिलेबी आणि सिगारेट अशा दोन घेतल्या तर साचा फार रुंद होतो, "माणूस ज्या ज्या गोष्टी सोडू शकतो त्या" एवढा, आणि त्यात डॉक्टरही सहज मावतो; मोडल्यासारखे काहीच वाटत नाही. जिलेबी आणि इमरती घेतल्या तर साचा इतका अरुंद होतो की समोसासुद्धा तो मोडेल, आणि मग डॉक्टरांचा धक्का वाया जातो. जिलेबी आणि शिकंजी यांत एक खायची आहे, एक प्यायची; एक सकाळची, एक दुपारची; दोन्ही गोड आणि दोन्ही आपल्या गावच्या. साचा नेमका बसतो.

तिसऱ्या वस्तूसाठी मी एक प्रश्न विचारतो: हसून झाल्यावर श्रोता "बरोबरच आहे की" असे म्हणू शकेल का? "जिलेबी सोडली, शिकंजी सोडली, राजवाडा सोडला" यात साचा मोडतो, पण त्यातून काही निष्पन्न होत नाही, म्हणून लोक गोंधळून पाहतात. डॉक्टर मात्र जिलेबी बंद करणारा माणूस आहे. त्यालाच सोडल्यावर जिलेबी आणि शिकंजी परत सुरू होणार हे कोणालाही कळते, म्हणजे तिसरा शब्द पहिल्या दोन शब्दांना रद्द करून टाकतो. मागे वळून पहिल्या दोहोंचा अर्थ बदलणारी तिसरी वस्तू सापडली की काम झाले. केवळ विचित्र वस्तूने भागत नाही.

आता शब्दक्रम. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते, आणि विनोदाच्या दृष्टीने ही मोठी अडचण आहे, कारण हसवणारा शब्द शेवटचा असावा लागतो. माझ्या पहिल्या मसुद्यात "डॉक्टरांनाच" या शब्दानंतर "सोडून देण्याचा निर्णय घेतला" अशी चार शब्दांची शेपटी आहे. श्रोता डॉक्टर या शब्दावर हसायला तोंड उघडतो, पण वक्ता अजून बोलतोच आहे हे पाहून थांबतो, आणि थांबलेले हसू परत येत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, क्रियापद आधीच सांगून टाकावे: "काकांनी तीन गोष्टी सोडल्या. जिलेबी, शिकंजी, डॉक्टर." दुसरा, प्रत्येक नामामागे तेच क्रियापद पुन्हा पुन्हा आणावे. या दुसऱ्या उपायात क्रियापद शेवटी येते खरे, पण ते श्रोत्याने दोनदा ऐकलेले असल्यामुळे तिसऱ्या वेळी ते ऐकण्याची त्याला गरज उरत नाही. हशा "डॉक्टर"वर सुरू होतो आणि "सोडला" त्यात बुडून गेला तरी बिघडत नाही. मला दुसरा उपाय अधिक आवडतो, कारण पहिल्यात "तीन गोष्टी" असे म्हटले की श्रोता बोटे मोजू लागतो.

येथे मराठीच्या लिंगव्यवस्थेचाही विचार करावा लागतो, आणि हे मला फार उशिरा लक्षात आले. भूतकाळी वाक्यात क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलते: जिलेबी सोडली, शिकंजी सोडली, डॉक्टर सोडला. ठसक्यासाठी "सोडली जिलेबी, सोडली शिकंजी, सोडला डॉक्टर" असा क्रम केला, तर "सोडला" ऐकताच कानाला कळते की आता काहीतरी पुल्लिंगी येणार; चोरट्याने दारात पाऊल टाकण्याआधी खोकावे तसे ते होते. "सकाळची", "दुपारची" अशी विशेषणे जोडली तर तीही हीच चुगली करतात. म्हणून नाम आधी, विशेषण नको, आणि लिंगाचा बदल नामानंतर. शिवाय सभ्य मराठीत आपण "डॉक्टर सोडले" असे आदरार्थी बहुवचन वापरू. या वाक्यात मात्र एकवचनच हवे, कारण "सोडला" म्हटल्यानेच डॉक्टर जिलेबीच्या पंक्तीत येऊन बसतो. आदर राखला की तो पाटावरून उठतो.

उरलेल्या बाबी थोडक्यात सांगता येतील. जिलेबी आणि शिकंजी हे दोन्ही शब्द तीन अक्षरांचे आहेत. हा योगायोग होता, पण मापे जुळली की ठेका जुळतो, आणि तिसरा शब्द त्यांच्याइतका किंवा त्यांहून आखूड असावा. "आणि" हा शब्द यादी संपत आल्याची सूचना देतो, म्हणून तो काढावा. "शेवटी तर", "चक्क", "कहर म्हणजे" हे सगळे पहारेकरी आहेत, ते "सावधान, विनोद येत आहे" असे ओरडतात. आपल्या इंदुरी मंडळींची एक खास खोड म्हणजे तिसऱ्या जागी हिंदीत उडी मारायची आणि मागे "भिया" लावायचा. त्याला हशा मिळतो, पण तो भाषेच्या उडीला मिळतो, कलाटणीला नाही, आणि एका संध्याकाळी ही उडी दुसऱ्यांदा चालत नाही.

सादरीकरणात सर्वांत मोठी चूक विरामाची असते. पहिल्या आणि दुसऱ्या वस्तूमध्ये जेवढा श्वास घेतला, तेवढाच दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये घ्यावा. तिसऱ्याआधी थांबून श्रोत्यांकडे मिस्कील पाहणे म्हणजे पाहुण्यांना जेवणाआधीच मिठाईचा डबा उघडून दाखवणे. थांबायचे ते नंतर.

कुठे बिघडले हे कसे ओळखावे

सादरीकरण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. चित्र नको, कारण चित्रात आपण स्वतःलाच पाहत बसतो. नंतर संहितेची प्रत समोर ठेवून हशा ज्या अक्षरावर सुरू झाला तिथे पेन्सिलीने खूण करावी. हशा "डॉक्टर"च्या दुसऱ्या अक्षरावर किंवा "सोडला"वर सुरू झाला असेल तर बांधणी योग्य आहे. वाक्य संपून क्षणभर गेल्यावर हशा आला असेल तर श्रोते अर्थ लावत होते. अशा वेळी तिसरी वस्तू फार दूरची आहे किंवा साचा रुंद आहे. आणि हशा "डॉक्टर"च्या आधीच, दुसऱ्या "सोडली"वर सुरू झाला असेल, तर श्रोत्यांनी तुम्हाला गाठले आहे. हे तिसरे लक्षण बाहेरून यशासारखे दिसते, म्हणून ते फसवे आहे. नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत; मी खुणेशेजारी त्यांपैकी एकाचे पहिले अक्षर लिहून ठेवतो. आधीच आलेला हशा जवळजवळ नेहमी "स्मि"वर अडकलेला असतो.

मला हे शिकवले ते एका शाळकरी मुलाने. एका वर्षीच्या स्वगतात मी आठ तिकड्या घातल्या होत्या आणि प्रत्येक तिकडी वेगवेगळी तपासली तर निर्दोष होती. चौथ्या तिकडीला, मी तिसरा शब्द उच्चारण्यापूर्वी, सतरंजीवर बसलेल्या त्या मुलाने तो मोठ्याने सांगून टाकला. सभेत खसखस पिकली, पण ती त्याच्या नावावर. पुढच्या चार तिकड्या मी जड जिभेने म्हटल्या. विषय ओळखीचा झाला होता म्हणून ते घडले नव्हते. मोडण्याचाच साचा तयार झाला होता. दोनदा साचा मोडला की तिसऱ्यांदा मोडण्याची अपेक्षा तयार होते, म्हणजे नियम स्वतःलाच लागू पडतो. तेव्हापासून दहा मिनिटांत दोन सरळ तिकड्या, आणि तिसरी हमखास मोडलेली, असे प्रमाण मी ठेवले आहे.

मोडण्याची पहिली रीत: तिसरे सरळ जाऊ द्यावे

हीच रीत सर्वांत फलदायी आहे, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवतो. श्रोता तिसऱ्या जागी दबा धरून बसला आहे. त्याला तिथे काहीच देऊ नये. तिसरी वस्तू निमूटपणे साच्यातलीच ठेवावी, वाक्य संपवावे, त्याने अंग सैल सोडले की मग कलाटणी द्यावी. आपलेच वाक्य असे होते:

"काकांना साखर निघाली. दुसऱ्या दिवसापासून जिलेबी सोडली, शिकंजी सोडली, मालपुवा सोडला. काकूंनी."

याचे इंगित कर्मणी प्रयोगात आहे. "जिलेबी सोडली" यात क्रियापद जिलेबीशी जुळलेले असल्यामुळे कोणी सोडली हे वाक्य उघड करत नाही, आणि कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण व शुद्ध राहते. श्रोता मागील वाक्यातले काका आपणहून तिथे बसवतो. हेच वर्तमानकाळात करून पाहावे: "जिलेबी सोडतो" म्हटले तर काका ठरतात, "सोडते" म्हटले तर काकू आधीच दारात उभ्या. भूतकाळाच्या आडोशामुळेच कर्ता लपवता येतो, आणि ज्या भाषेत प्रत्येक वाक्यात कर्ता सांगावाच लागतो, तिच्यात हा विनोद इतक्या सहज रचता येणार नाही. तेव्हा ही युक्ती वापरायची तर दोन अटी पाळाव्यात. काळ भूतकाळच असावा, आणि आधीच्या वाक्यात काका कर्ता म्हणून येऊ नयेत. "काकांनी" असा शब्द कुठेही गेला की सगळे फसले. "काकांना साखर निघाली" यात काका आहेत, पण ते करणारे नाहीत, भोगणारे आहेत.

या वाक्यात मालपुव्याचे लिंग बदलते, "सोडली"चे "सोडला" होते, पण तो बदल नामानंतरच येतो, म्हणून चुगली होत नाही: ज्याने पहिली तिकडी ऐकली आहे तो तिसऱ्या जागी डॉक्टरची वाट पाहतो, आणि तिथे निरागस मालपुवा निघतो. ही त्याची पहिली फसगत. नंतर आवाज वाक्य संपल्यासारखा खाली न्यावा, पूर्ण एक श्वास घ्यावा, हवे तर पाण्याच्या पेल्याकडे हात न्यावा, आणि मग पुढच्या विषयाला सुरुवात करावी तशा साध्या स्वरात "काकूंनी" म्हणावे. श्वास अपुरा पडला तर "काकूंनी" हा विसरलेला शब्द मागून जोडल्यासारखा वाटतो. फार लांबला तर मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू होते. लहान मुले शर्यत सुरू करताना "एक, दोन, साडेमाडे तीन" म्हणतात, त्यात तीन येणार हे सर्वांना ठाऊक असते, तरीही "साडेमाडे"वर एक-दोघांचे पाय उचलले जातात. तिसऱ्याला थोडे सरकवले की ठाऊक असलेलाही चकतो.

एक मर्यादा सांगायला हवी. आधी किमान एक सरळ तिकडी झालेली नसेल तर ही मोडतोड निम्म्यानेच चालते, कारण तिसऱ्या जागी काही मिळणार अशी आशा नसलेल्या माणसाची निराशा करता येत नाही.

दुसरी रीत: दोनवर थांबावे

तिसरी वस्तू उच्चारायचीच नाही. श्रोत्याने ती मनात म्हणावी. "सकाळी काकांना फोन केला तर मागे जिलेबीच्या कढईचा आवाज. दुपारी केला तर शिकंजीच्या पेल्यांचा. रात्री दहाला काकांचा फोन लागेना." इंदूरचा प्रत्येक श्रोता येथे सराफा हा शब्द स्वतः भरतो, कारण दिवसा सोन्या-चांदीची असलेली ती गल्ली रात्री पेढ्या बंद झाल्यावर खाद्यपदार्थांनी भरते आणि तिथल्या गर्दीत फोन कोण उचलणार. स्वतः भरलेल्या शब्दावर माणूस अधिक मोकळेपणाने हसतो. परंतु रिकाम्या जागेत एकच शब्द बसत असला पाहिजे. हाच मजकूर मी एकदा पुण्याच्या नातेवाइकांच्या घरगुती बैठकीत म्हटला, तेव्हा सर्वांनी काळजीने विचारले, "मग? सापडले का काका?"

चार, पाच, सहा वस्तूंची लांबण लावणे हीही एक रीत आहे. सराफ्यातील भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडा, मालपुवा असे म्हणत गेले की चौथ्यावर श्रोता कंटाळतो आणि सहाव्यावर, वक्त्याच्याच तोंडाला पाणी सुटले आहे हे दिसू लागल्यावर, परत येतो. ही रीत अभिनयावर चालते, लेखनावर नाही. ज्याला चेहरा आहे त्यानेच तिच्या वाटेला जावे. तिरकी वस्तू पहिल्याच जागी ठेवून पुढच्या दोन सरळ सांगण्याची रीतही काही जण सुचवतात. मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पहिल्या शब्दावर आलेला हशा पुढच्या दोन शब्दांनी विझवला.

तिसरी रीत: तिसरे दूर नेऊन ठेवावे

दोन वस्तू सुरुवातीला आणि तिसरी स्वगताच्या अगदी शेवटी, अशी तिकडी ताणता येते. यात धोका विस्मरणाचा असतो. दोन वस्तू दुसऱ्या मिनिटाला आल्या आणि तिसरी नवव्या मिनिटाला येणार असेल, तर साधारण पाचव्या-सहाव्या मिनिटाला जुना साचा एकदा सहज पुसटसा वाजवावा लागतो. ही आठवण विनोदी असू नये आणि तिच्यावर जोर देऊ नये. माझ्या स्वगतात शेजारीण येऊन काकूंना विचारते, "अहो, जिलेबी खरंच सोडली का हो?", आणि काकू "सोडली" एवढेच म्हणून भाजी निवडत राहतात. श्रोत्यांत कोणी हसत नाही, तेच हवे असते. क्रियापद कानात ताजे झाले की पुरे.

शेवटाला गणपती येतो. संपूर्ण स्वगतात "सोडणे" दोन अर्थांनी येऊन गेले आहे, वर्ज्य करणे आणि संबंध तोडणे. मराठीत त्याचा तिसरा अर्थ स्वयंपाकघरात रोज वापरला जातो, आणि तो अजून शिल्लक आहे. वाक्य असे: "चतुर्थीला घरात सगळे काकांकडे पाहत होते. आणि काकांनी मोदकसुद्धा सोडले." येथे एक श्वास. श्रोत्यांतील वडीलधाऱ्या बायका कौतुकाने मान हलवतात, एखादी "बिचारे" म्हणते, आणि त्या "बिचारे"ची मी वाट पाहतो. मग: "कढईत."

हा शब्द आधी "गरम तेलात" असा लिहिला होता. दोन शब्द, सहा अक्षरे, आणि "गरम" ऐकताच निम्म्या बायकांना पुढचे कळत असे. "कढईत" केल्यावर चार अक्षरांत काम झाले, आणि ध्वनिमुद्रणात हशाची खूण "ढ"वर आली. मात्र हे वाक्य तळणीच्या मोदकांचेच आहे. ज्या घरांत फक्त उकडीचे होतात, तिथे कढईऐवजी मोदकपात्र डोळ्यांसमोर येते, आणि मोदकपात्रात मोदक कोणी सोडत नाही, ठेवतात.